मनीचा एक्स-रे स्वच्छ आहे, मग ती माळ्यावर का जात नाही?

"आमची मनी तेरा वर्षांची, वजन ३.६ किलो. मागच्या पावसाळ्यापासून ती माळ्यावर जायची बंद झाली. झोपाळ्यावर उडी मारायच्या आधी बराच वेळ नुसती बघत बसते. कंबरेवर केसांच्या गुठळ्या झाल्यात. महिनाभर न्हाणीजवळच्या गोणपाटावर मुतते आहे. पण ती लंगडत नाही, ओरडत नाही, मासळी आली की पहिली हजर. शहरात नेऊन एक्स-रे काढला, तर सांधे ठीक आहेत, वय झालं, असं सांगितलं. यजमान म्हणतात, लाडावली आहे, रात्री बाहेर पडवीत ठेव. शेजारच्या काकू म्हणतात, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दे, नाहीतर बाम चोळ. एक्स-रेत काही नाही म्हणजे तिला दुखत नाही, असंच ना?"
— एक वाचक, गुहागर तालुका

ताई, आधी गोळीचं बोलू, बाकीचं सावकाश. पॅरासिटामॉल मांजराला द्यायचं नाही. अर्धी नाही, पाव नाही, चाटणसुद्धा नाही. आपलं यकृत ज्या वाटेने ते औषध निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराकडे जवळपास नसतेच. मग त्यातून तयार होणारं विष रक्तावर उठतं. काही तासांत हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास भराभर चालतो. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. बामही नको. त्यातलं विंटरग्रीनचं तेल म्हणजे ॲस्पिरिनचंच भावंड, आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घेतं. काकूंचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका, पण डबी त्यांच्याच घरी राहू दे.

आता मनी लंगडत नाही, याबद्दल. कुत्र्याचा एक पाय दुखला की तो उचलून चालतो आणि आपल्याला कळतं. म्हाताऱ्या मांजराची झीज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखी असते. दोन्ही कोपरं, दोन्ही खुबे, शिवाय कंबरेचे मणके. दोन्ही बाजू दुखत असतील तर लंगडून भार टाकणार कुठे? मग ते लंगडत नाही, ते कामं सोडत जातं. आज माळा सोडला, चार महिन्यांनी झोपाळा. कंबर वळवून पाठ चाटायला त्रास होतो, म्हणून ती चाटणं सोडतं, आणि नेमक्या तिथेच गुठळ्या होतात. तिची नखंही एकदा बघा. खांबाला ओरबाडणं कमी झालं की ती जाड होतात, वाढतात, चालताना लादीवर टकटक वाजतात. ओरडण्याचं म्हणाल, तर मांजर शेपटीवर पाय पडला की ओरडतं. रोजच्या ठणक्यासाठी ओरडणारं मांजर मी नोकरीच्या इतक्या वर्षांत फारसं पाहिलं नाही.

राहिला एक्स-रे. तो खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. सांध्याच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती एक्स-रेत दिसतच नाही. दिसतं ते हाड. झीज मात्र कूर्चेत सुरू होते, आणि हाडाला काटे फुटायला पुढे बराच काळ जातो. मेलेल्या मांजरांचे सांधे आधी एक्स-रेने आणि मग उघडून तपासले गेले आहेत. एक्स-रेत निर्दोष दिसलेल्या सांध्यांतही कूर्चा खराब झालेली सापडली, आणि यात गुडघा सगळ्यात फसवा निघाला. उलट बाजूही तितकीच खरी आहे. २००२ साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तर नव्वद जणांत कुठे ना कुठे झिजेच्या खुणा निघाल्या. त्या नव्वदांपैकी कितीजणांना दुखत होतं, हे एक्स-रे सांगू शकत नव्हता. म्हणजे स्वच्छ एक्स-रेने मनी सुटत नाही, आणि काटेरी एक्स-रेने ती अडकतही नाही.

शिवाय एक्स-रे काढला कसा, यावरही खूप अवलंबून असतं. मांजर जागं, घाबरलेलं, चौघांनी धरलेलं, आणि एकाच फिल्मवर नाकापासून शेपटीपर्यंत सगळं, असा एक्स-रे छातीतलं किंवा पोटातलं काही मोठं शोधायला ठीक आहे. सांध्यासाठी त्या सांध्याचे दोन कोनांतून वेगवेगळे फोटो लागतात, आणि त्यासाठी मांजराला बहुधा गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. तरीही तुमचे पैसे वाया गेले असं समजू नका. हाड मोडलेलं नाही, हाडात गाठ नाही, एवढं तरी कळलं असेल.

मी स्वतः हीच चूक केली आहे, आणि घरातच. माझ्या बहिणीचा बोका काळू, चौदा वर्षांचा. तो ओट्यावर उडी मारेनासा झाला तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि "म्हातारा झाला गं" म्हणून चहा पिऊन निघून आलो. वर्षभराने बहिणीने हट्टच धरला, म्हणून नीट तपासलं. एक्स-रेत उजव्या कोपराला हाडाचा चांगला ठसठशीत काटा दिसला. तो सांधा दाबला, वाकवला, काळू ढिम्म. डावा खुबा फिल्मवर अगदी स्वच्छ होता. तो मागे ताणायला गेलो तर माझ्या अंगठ्याला दात लागले. त्या दिवशी फिल्म बाजूला ठेवली आणि बहिणीला म्हटलं, आता तू वही काढ.

ती वही तुम्हीही काढा, कारण या दुखण्याचं निदान दवाखान्यात अर्धंच होतं. दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेलं मांजर दगड होतं. ते चालून दाखवत नाही, उडी तर नाहीच. घरात मात्र सगळं दिसतं. मांजरांच्या सांधेदुखीसाठी संशोधकांनी एक छोटी यादी केली आहे, तिच्यात सहाच गोष्टी आहेत: वर उडी मारणं, खाली उडी मारणं, पायऱ्या चढणं, पायऱ्या उतरणं, पळणं आणि हलत्या वस्तूमागे धावणं. या सहा गोष्टी मनी पूर्वीसारख्या करते का, एवढंच बघायचं. मोबाइल जमिनीलगत धरून, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. झोपाळ्यावर ती एका झेपेत जाते, की पुढचे पंजे अडकवून मागचं अंग ओढून घेते? खाली उतरताना सरळ उडी घेते, की पुढचे पाय भिंतीवरून शक्य तितके खाली घसरवत नेऊन मग टेकते? उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून तिथे अडत असेल तर कोपरांचा संशय घ्यायचा. चढताना अडत असेल तर खुबे, गुडघे आणि कंबर. हा काही पक्का नियम नव्हे, पण कुठे हात लावून बघायचं ते डॉक्टरांना कळतं. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर ससा उड्या मारतो तशी मागचे दोन्ही पाय एकदम उचलून ती चढते का, तेही टिपा. पाच वर्षांपूर्वीचे फोटो मिळाले तर फारच उत्तम. ती तेव्हा कुठे कुठे बसायची, ते आपण विसरलेलो असतो.

व्हिडिओ झाले की मनीची तीन रोजची कामं निवडा. ती तिच्या स्वतःच्या सवयीतली असावीत, कुठल्या पुस्तकातली नकोत. उदाहरणार्थ झोपाळ्यावर उडी, पडवीच्या पायऱ्या उतरणं, आणि पाठ चाटणं. प्रत्येकाला शून्य ते चार असा आकडा द्या. शून्य म्हणजे पूर्वीसारखं, चार म्हणजे करतच नाही. दर रविवारी एकदा लिहा. दोन रविवार काही औषध न देता लिहायचे, मग उपचार सुरू.

एवढी कटकट कशासाठी, असं यजमान विचारतील. कारण आपणच फसतो. औषध दिलंय म्हटल्यावर माणसाला मांजर बरं दिसायला लागतं, आणि सांधेदुखीच्या मांजरांवरच्या प्रयोगांत हे इतक्या मोठ्या प्रमाणात घडतं की खरं औषध ओळखणं जड जातं. पुढे मी एक महागडं इंजेक्शन सांगणार आहे. त्याच्या २७५ मांजरांवरच्या प्रयोगात, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी खरं औषध मिळालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं सुधारली असं मालकांनी सांगितलं. आणि नुसतं पाणचट इंजेक्शन मिळालेल्यांपैकी? जवळजवळ दोन तृतीयांश. औषध खरंच चालतं, फरक आहे, पण मालकाच्या डोळ्यांना तो सुटा करून दिसणं कठीण. यावर एक उपाय आहे. औषध चालू असताना जे नीट दिसत नाही, ते बंद केल्यावर दिसतं. काळूच्या बाबतीत भाच्याने पिचकारी भरायचं काम घेतलं होतं. चार आठवडे औषध दिलं, आणि पुढचे दोन आठवडे आईला न सांगता नुसतं पाणी. बहिणीच्या वहीत ओट्यावरच्या उडीचा आकडा तीनवरून एकवर आला होता, तो पाण्याच्या दुसऱ्या रविवारी परत तीन झाला. बाजूला तिने लिहिलं होतं, "आज पुन्हा रुसलाय." एवढा पुरावा मला पुरला. भाच्याला मात्र रात्री जेवताना बोलणी बसली.

उपचाराआधी एक पायरी चुकवू नका. मनीचं रक्त आणि लघवी तपासून घ्या. रक्तात मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन, लघवीत तिचा दाटपणा आणि जंतू, शक्य असेल तर थायरॉइडही. याची कारणं दोन. गोणपाटावर मुतणं हे सांध्यांमुळे असू शकतं, तसंच मूत्राशयाच्या सुजेमुळे किंवा मधुमेहामुळेही असू शकतं, आणि सगळंच सांध्यांवर ढकललं की खरा आजार हातचा जातो. दुसरं म्हणजे तेराव्या वर्षी मांजराची मूत्रपिंडं थकायला लागलेली असू शकतात, आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं.

सांधेदुखीसाठी आपल्याकडे सहज सुचवलं जाणारं औषध म्हणजे मेलॉक्सिकॅम. जनावरांच्या औषधांत त्याचं नाव झालं ते गिधाडांमुळे. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद झालं आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं. त्यामुळे गुरांच्या दवाखान्यातही ते असतं, आणि धोका नेमका इथेच आहे. मांजराची मात्रा फार बारीक असते. युरोपात मान्य असलेली मात्रा पहिल्या दिवशी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.०५ मिलिग्रॅम. मनीचा हिशोब करू. ३.६ किलोला रोजचे होतात ०.१८ मिलिग्रॅम. मांजरांसाठीच्या पातळ औषधात एका मिलिलीटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम असतो, म्हणजे रोज ०.३६ मिलिलीटर, सुई काढलेल्या एक मिलिलीटरच्या पिचकारीने. कुत्र्यांसाठीची बाटली साधारण तिप्पट तीव्र असते, दिसायला मात्र तशीच. आणि माणसाची मेलॉक्सिकॅमची लहानातली लहान गोळी साडेसात मिलिग्रॅमची. ती मनीच्या एका दिवसाच्या मात्रेच्या चाळीसपट झाली. "चिमूटभर कुस्करून दे" असं कुणी म्हणालं तर हा गुणाकार त्यांना करून दाखवा.

हा हिशोब तुम्हाला बाटलीवरचा आकडा ताडून बघता यावा म्हणून दिला आहे, घरीच सुरू करण्यासाठी नव्हे. युरोपात हे औषध मांजरांना दीर्घकाळ द्यायची मुभा आहे. अमेरिकेत मात्र पाकिटावर ठळक इशारा असतो की मांजराला पुन्हा पुन्हा दिल्यास मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. माझं मत या दोन्हींच्या मध्ये आहे. रक्त-लघवी बरी असेल, मनी नीट खात-पीत असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवणार असतील, तर द्यावं. पुढे मात्रा कमी करत जिथे काम भागतं तिथे थांबावं. औषध खाण्याबरोबरच द्यायचं. ज्या दिवशी ती मासळीकडे पाठ फिरवेल, उलटी किंवा जुलाब होतील, त्या दिवशी औषध बंद आणि दवाखान्याला फोन. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर त्याबरोबर हे अजिबात नाही.

मूत्रपिंड कमजोर निघालं तर नव्या उपचाराचा विचार करता येतो. झिजलेल्या सांध्यात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन जास्त तयार होतं आणि ते नसांना चिथावत राहतं. फ्रुनेव्हेटमॅब ही त्या प्रथिनालाच पकडून निकामी करणारी अँटीबॉडी आहे, खास मांजराच्या शरीराला जुळेल अशी घडवलेली. महिन्यातून एकदा कातडीखाली इंजेक्शन. युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली. शरीर ती इतर प्रथिनांसारखीच मोडून टाकतं, त्यामुळे मेलॉक्सिकॅमसारखा भार मूत्रपिंडावर येत नाही. गुण दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात, काहींना दुसऱ्या इंजेक्शननंतर दिसतो. काही मांजरांना डोक्या-मानेजवळ खाज सुटते, खपल्या धरतात. ती दिसली तर पुढचं इंजेक्शन विचारून मगच. आणि झिजलेली कूर्चा याने परत येत नाही, फक्त दुखणं कमी होतं.

घ्यायचं ठरलं तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. कुपी रीतसर परवान्याने आलेली आहे का, आणि वाटेत ती २ ते ८ अंशांत राहिली का. आपल्या घाटातून एसटीच्या टपावरून आलेल्या पार्सलात ते जमणं कठीण. कुत्र्यांसाठी याच घराण्यातलं बेडिनव्हेटमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते मांजराला चालत नाही. एकाच्या जागी दुसरं "तेच आहे" म्हणून कुणी देऊ केलं तर नको म्हणा.

हे काहीच जमण्यासारखं नसेल तर डॉक्टर गॅबापेंटिन सुचवतील. त्याने काही मांजरं खरंच सुटसुटीत होतात, काही नुसती पेंगतात, आणि पेंगणारं मांजर शांत दिसतं म्हणून आपण खूश होतो. वही इथेही उपयोगी पडते: उडीचा आकडा सुधारला, की नुसती झोप वाढली? मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचीही मात्रा कमी करावी लागते. ग्लुकोसामाइनच्या पुड्यांवर मात्र मी तरी पैसे घालणार नाही.

घरातले बदल कराच, पण क्रम सांभाळा. झोपाळ्याशेजारी स्टूल ठेवलं की उडी सोपी होते, आणि मग वहीतला आकडा औषधामुळे सुधारला की स्टुलामुळे, ते कळत नाही. म्हणून ज्या तीन कामांवर नजर आहे, त्यांना परीक्षा संपेपर्यंत हात लावू नका. बाकी सगळं आजच करा. गुळगुळीत लादीवर, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट किंवा जुनी चटई टाका. पाणी आणि खाणं जमिनीवर पण थोडं उंचावर ठेवा, चार बोटं पुरे. कंबरेवरच्या गुठळ्या कात्रीने कापायला जाऊ नका. म्हातारी कातडी सैल असते, गुठळीबरोबर तीही कापली जाते. दवाखान्यातल्या मशीनने काढून घ्या.

रात्री पडवीत ठेवू नका, हे यजमानांना माझ्या नावावर सांगा. ती लाडावलेली असती तर गोणपाट वर्षांपूर्वीच भिजला असता. बाहेर जायचं तर पायऱ्या उतरायच्या, ओल्या मातीत उकरायचं, मागच्या पायांवर अर्धवट बसून तोल सांभाळायचा. त्यापेक्षा न्हाणीजवळचा गोणपाट तिला जवळचा आणि मऊ वाटला. तेव्हा जागा तीच ठेवा. गोणपाट धुऊन उन्हात टाका आणि तिथे एक पसरट टोपली किंवा घमेलं ठेवा, ज्याची एक कड तीन-चार बोटांपेक्षा उंच नाही. त्यात चाळलेली बारीक वाळू घाला, किनाऱ्यावरची आणली तर आधी धुऊन वाळवलेली. पहिले दोन दिवस तळाशी त्याच गोणपाटाचा तुकडा ठेवा, म्हणजे तिला ओळख पटेल.